क्राऊच स्टार्ट शिकवताना: ‘सेट’ची स्थिती, सांध्यांचे कोन आणि पहिली चार पावले

नवशिका धावपटू ब्लॉकमधून सुटतो आणि दुसऱ्याच पावलाला सरळ उभा राहतो, हे दृश्य सरावाच्या मैदानावर रोज दिसते. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक त्याला “खाली राहा, खाली राहा” असे ओरडून सांगतात. मुलगा ते ऐकतो, कमरेतून पुढे वाकतो, मान खाली घालतो आणि पूर्वीपेक्षाही हळू धावतो. कारण चूक त्या दुसऱ्या पावलात झालेलीच नसते. ती त्याच्या आधी, ‘सेट’च्या आज्ञेवर शरीर जिथे स्थिर झाले तिथे झालेली असते. पहिल्या चार पावलांतील बहुतेक दोषांचे मूळ सेटमध्ये सापडते, आणि सेटमधील दोषांचे मूळ बहुधा ब्लॉकच्या मापात असते. म्हणून शिकवण्याचा क्रम मापापासून सेटकडे आणि सेटपासून पावलांकडे असा असावा. दोष शोधताना मात्र याच वाटेने उलटे जावे.

ब्लॉक आणण्यापूर्वी

पहिल्या दिवशी ब्लॉक मैदानावर आणूच नयेत. ब्लॉकमधून सुटताना शरीर पुढे झुकलेले असते आणि पाय त्याला मागून ढकलत असतात, ही जाणीव आधी उभ्या स्थितीतून द्यावी लागते. धावपटूला दोन्ही पाय जुळवून उभे करावे आणि कंबर न वाकवता, केवळ घोट्यातून, लाकडी फळी कलते तसे पुढे झुकायला सांगावे. आता पाय टाकला नाही तर तोंडावर पडू, असे वाटेल त्या क्षणी त्याने धावायला सुरुवात करावी आणि दहा मीटर जावे. कंबर मोडली तर तो झुकलेला नसतो, नुसता वाकलेला असतो. हा फरक बाजूने पाहिला की लगेच कळतो. याच्यापुढची पायरी म्हणजे एक हात जमिनीवर टेकवून, एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून केलेली सुरुवात. या दोन प्रकारांना चार-पाच सत्रे दिली, तर पुढचे काम निम्म्याने हलके होते.

याच काळात पुढचा पाय कोणता ठेवायचा तेही ठरवावे. धावत येऊन उंच किंवा लांब उडी मारताना जो पाय आपोआप टेकवला जातो, तो बहुतेकांचा पुढच्या ब्लॉकवरचा पाय ठरतो. मागचा पाय ब्लॉकला जोराने पण थोडाच वेळ रेटतो. पुढचा पाय मात्र शेवटपर्यंत ढकलत राहतो, त्यामुळे सुटण्याच्या वेगातला मोठा वाटा त्याचा असतो. म्हणून तिथे बळकट पाय असणे बरे. तरीही शंका वाटली, तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा करून पाहावे आणि ज्या बाजूने पहिली दोन पावले सलग व न अडखळता पडतात ती बाजू कायम करावी. एकदा ठरवल्यावर निदान दोन महिने ती बदलू नये.

मापे: फुटपट्टी नको, तळपाय घ्या

1896 साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची शर्यत जिंकणारा थॉमस बर्क ओणव्याने सुरुवात करत असे. त्या जमान्यात ब्लॉक नव्हते आणि धावपटू मातीच्या धावपट्टीत स्वतःसाठी छोटे खड्डे खणून त्यांत पाय रोवत. प्रत्येकाचा खड्डा त्याच्या अंगाच्या मापाचा असे. ब्लॉक आल्यानंतर दुसऱ्याच्या मापावर सुरुवात करणे सोपे झाले आणि नवशिक्याचे नुकसान नेमके तिथे होते.

सुरुवातीसाठी मध्यम अंतराची मांडणी घ्यावी. प्रारंभरेषेपासून पुढची फुटप्लेट धावपटूच्या स्वतःच्या दोन तळपायांच्या अंतरावर आणि मागची फुटप्लेट तिच्याही मागे आणखी एक ते सव्वा तळपाय अंतरावर ठेवावी. बूट घालून, टाचेला चवडा लावत हे अंतर त्याने स्वतः मोजावे, म्हणजे प्रशिक्षक नसतानाही त्याला ब्लॉक बसवता येतात. पुढची फुटप्लेट साधारण 45 अंशांवर आणि मागची तिच्यापेक्षा थोडी उभी ठेवावी. ही मापे केवळ आरंभ करण्यासाठी आहेत. खरे माप सेटमध्ये गुडघ्याचा कोन पाहिल्यावर ठरते, त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा वहीत पेन्सिलीने लिहावा.

‘ऑन युवर मार्क्स’

या आज्ञेवर धावपटूने ब्लॉकच्या पुढे येऊन, हात जमिनीवर टेकवून, आधी पुढचा व मग मागचा पाय फुटप्लेटवर ठेवावा. नियमानुसार दोन्ही हात व किमान एक गुडघा जमिनीला टेकलेला असावा लागतो, दोन्ही पाय फुटप्लेटला लागलेले असावे लागतात आणि हात रेषेच्या मागे असावे लागतात. रेषेला स्पर्श झालेलाही चालत नाही. हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवावेत. अंगठा एका बाजूला, बाकीची बोटे दुसऱ्या बाजूला आणि दोन्हींच्या मध्ये उंच कमान, अशी रेषेला समांतर मांडणी असावी. बोटांत ताकद कमी असलेली मुले तळहात टेकवतात, मग खांदे खाली येतात आणि पुढचे सगळेच बिघडते. अशा मुलांना बोटांवर भार देऊन दहा-दहा सेकंद स्थिर राहण्याचा सराव वेगळा द्यावा.

‘सेट’: इथे घाई करू नये

सेटची आज्ञा झाली की कंबर वर जाते आणि त्याच वेळी खांदे किंचित पुढे येतात. ही एकच सलग हालचाल असावी. आधी वर आणि मग पुढे, असे दोन तुकडे झाले की तोल डगमगतो आणि स्टार्टरला थांबावे लागते. ती हालचाल सावकाश पण न अडखळता व्हावी. वर जाताना श्वास आत घ्यावा आणि तो तसाच रोखून आवाजाची वाट पाहावी.

वर जाऊन स्थिर झाल्यावर बाजूने काय दिसले पाहिजे, ते एकेक करून पाहू. कंबर खांद्यांपेक्षा थोडीशी वर असावी. नवशिक्याच्या बाबतीत हा फरक वितीभरापेक्षा जास्त नसावा. पुढच्या गुडघ्याचा आतला कोन सुमारे 90 ते 100 अंश आणि मागच्या गुडघ्याचा सुमारे 120 ते 130 अंश असावा. खांदे हातांच्या बरोबर वर किंवा तीन-चार बोटे पुढे असावेत. हात कोपरात सरळ असावेत, पण ताठ आवळलेले नसावेत. मान पाठीच्या रेषेत सैल असावी आणि नजर रेषेच्या आसपास जमिनीवर असावी. समोर समाप्तिरेषेकडे पाहणाऱ्या मुलाची मान वर उचलली जाते, पाठ आत जाते आणि तो सुटताना वरच उठतो.

या सगळ्यात पुढच्या गुडघ्याचा कोन मी सर्वांत आधी तपासतो आणि तो तपासण्यासाठी उपकरण लागत नाही. वहीचा पुठ्ठा घेऊन त्याचा कोपरा गुडघ्याच्या मागच्या बाजूला असा धरावा, की एक कड मांडीला आणि दुसरी कड पोटरीला समांतर राहील. कोपरा नीट बसला तर कोन 90 अंश आहे. पुठ्ठा आत शिरत नसेल तर कोन आवळलेला आहे आणि कडेला फट राहत असेल तर तो उघडा आहे. दोन-तीन वेळा असे केल्यावर नजर तयार होते आणि पुठ्ठ्याची गरज उरत नाही. मोबाइलने चित्रण करायचे असेल, तर तो धावपट्टीला काटकोनात, पाच-सहा मीटर दूर आणि कमरेच्या उंचीवर ठेवावा. तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रात गुडघ्याचा कोन नेहमी चुकीचा दिसतो आणि त्यावरून केलेली दुरुस्तीही चुकते.

90 अंशांचा आग्रह सर्वांसाठी सारखा धरू नये, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोन जितका आवळलेला, तितके ढकलायला अंतर जास्त मिळते. पण तितक्या खोलातून शरीर बाहेर काढण्यासाठी मांडीत व नितंबात ताकदही तितकीच हवी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे किंवा नुकत्याच धावायला लागलेल्या प्रौढाकडे ती नसते. त्यांना 90 अंशांत बसवले, तर पुढे जाण्याऐवजी आधी वर उठून पाय मोकळा करून घेण्यातच त्यांचे बळ खर्च होते. अशांसाठी पुढची फुटप्लेट अर्धा तळपाय मागे घेऊन कोन 105 ते 110 अंशांपर्यंत उघडू द्यावा आणि ताकद वाढेल तसा तो हळूहळू कमी करत आणावा.

कोन बरोबर असले तरी सेट निर्जीव असू शकते. पायांचा फुटप्लेटवर दाब आहे की ते नुसते टेकले आहेत, हे दिसत नाही, ते तपासावे लागते. त्यासाठी दोन चाचण्या पुरतात. पहिलीत, सेटमध्ये स्थिर असताना धावपटूला दोन्ही हात अचानक उचलायला सांगावे. तो लगेच पुढे जाऊ लागला आणि पाय टाकून सावरला, तर भार योग्य जागी आहे. तो जागच्या जागी तरंगत राहिला, तर भार मागे आहे. तो नाकावर आपटायला आला, तर खांदे फार पुढे गेले आहेत. ही चाचणी गवतावर घ्यावी. दुसऱ्या चाचणीत प्रशिक्षकाने मागे बसून धावपटूच्या टाचांवर तळहात ठेवावे आणि सेटच्या वेळी टाचा हाताला मागे रेटतात का ते पाहावे. बहुतेक नवशिक्यांच्या पुढच्या पायाची टाच रेटते, मागची मात्र सैल असते. “मागच्या पायानेही ब्लॉकला धरून ठेव” एवढी एकच सूचना त्यांना पुरते. मागचा पाय सैल असेल तर आवाज झाल्यावर तो आधी फुटप्लेटवर दाबला जातो आणि मग सुटतो. या दाबण्यात गेलेला क्षण प्रेक्षकाला कळत नाही, पण पहिल्याच पावलाला शेजारच्या लेनमधला मुलगा पुढे दिसतो.

आवाजानंतर

आवाज झाला की हात सर्वांत आधी जमीन सोडतात. दोन्ही पाय एकाच वेळी ढकलू लागतात, मागचा पाय लवकर सुटून गुडघ्यातून पुढे येतो आणि पुढचा पाय पूर्ण सरळ होईपर्यंत ढकलत राहतो. डावा पाय पुढे असेल, तर उजवा गुडघा पुढे येतो, त्याबरोबर डावा हात पुढे व वर जातो आणि उजवा हात जोराने मागे जातो. दोन्ही हात एकदम पुढे टाकण्याची सवय पोहण्याच्या सुरुवातीसारखी दिसते आणि ती पहिल्या आठवड्यातच मोडावी लागते. नंतर ती जात नाही.

पुढचा पाय ब्लॉक सोडण्याच्या क्षणी घोट्यापासून गुडघा, कंबर, खांदा आणि डोक्यापर्यंत एक सरळ रेषा दिसली पाहिजे. जमिनीशी तिचा कोन तयार धावपटूंमध्ये सुमारे 45 अंशांचा असतो. नवशिक्याचा तो 50 किंवा 55 असला तरी हरकत नाही, मात्र रेषा मोडता कामा नये. 45 च्या हट्टापायी कमरेत घडी पडलेल्या मुलापेक्षा 55 अंशांवर ताठ सुटणारा मुलगा पुढे जातो.

शर्यतीच्या नियमांत आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत झालेली हालचाल चुकीची सुरुवात मानली जाते आणि संयुक्त क्रीडाप्रकार सोडले तर पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो. त्यामुळे आवाजाचा अंदाज बांधायची सवय लागू देऊ नये. सरावात सेट आणि आवाज यांच्यातला वेळ प्रत्येक वेळी बदलावा. कधी सव्वा सेकंद, कधी तीन सेकंद ठेवावा आणि मधूनच आवाज न देता “उभे राहा” म्हणावे.

पहिली चार पावले

पहिल्या पावलाबद्दल नवशिक्याला एकच गोष्ट पटवून द्यावी लागते, ती म्हणजे पाय पुढे टाकायचा नसून मागे ढकलण्यासाठी खाली आणायचा आहे. पाय शरीराच्या पुढे पडला, की नडगी उभी होते किंवा मागे कलते आणि ते पाऊल ब्रेकसारखे काम करते. पाय कंबरेखाली किंवा किंचित मागे, चवड्यावर पडला, की नडगी पुढे कललेली राहते आणि जमिनीला मागे रेटता येते. म्हणून पावले पाहताना डोके किंवा हात यांच्याकडे न पाहता, पाय टेकण्याच्या क्षणी नडगी कुठे कललेली आहे एवढेच पाहावे. बाकीचे आपोआप कळते.

पहिले पाऊल रेषेपुढे सुमारे अर्ध्या मीटरवर पडते. त्यापुढचे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा थोडे लांब होत जाते. पहिल्या पावलांत पाय जमिनीवर तुलनेने जास्त वेळ राहतो आणि त्याने तसेच राहिले पाहिजे, कारण वेग कमी असताना ढकलण्याची संधी तिथेच असते. “पटापट पाय हलव” या सूचनेने मुले छोटी, टपटप पावले टाकतात. ती पाहताना जलद वाटतात, पण दहाव्या मीटरला मागे पडतात. पाय जमिनीलगत खालून पुढे यावा हे खरे, परंतु अंगठा जमिनीवर घासत नेण्याची नक्कल नवशिक्याला मुद्दाम शिकवू नये. त्याने मागचा गुडघा वर येण्याचे थांबते. शरीर प्रत्येक पावलागणिक थोडे थोडे उठत जाते आणि नवशिक्याच्या बाबतीत आठव्या ते दहाव्या पावलापर्यंत ते बहुतेक उभे झालेले असते. त्याला तिथून पुढे जबरदस्तीने खाली ठेवू नये.

पावलांच्या खुणा करायच्या असतील, तर आधी धावपटूला मोकळेपणी चार-पाच वेळा सुटू द्यावे, त्याची पावले कुठे पडतात ते खडूने टिपावे आणि मग केवळ बिघडलेले पाऊल हलवावे. पुस्तकी अंतरांच्या खुणा आखल्या, तर मुलगा खुणेकडे पाय लांबवतो आणि नडगी पुन्हा उभी होते.

एक उदाहरण

चौदा वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. त्याचा तळपाय बुटासह 26 सेंटीमीटरचा होता. त्याने मोठ्या खेळाडूंचे पाहून पुढची फुटप्लेट दीड तळपायावर, म्हणजे 39 सेंटीमीटरवर, आणि मागची अडीच तळपायांवर, म्हणजे 65 सेंटीमीटरवर ठेवली होती. तो दुसऱ्या पावलाला उभा राहत असे. बाजूने पाहिले तेव्हा सेटमध्ये त्याची कंबर खांद्यांच्या पातळीच्या खाली होती. पुठ्ठ्याचा कोपरा त्याच्या गुडघ्यामागे शिरतच नव्हता. इतक्या आवळलेल्या गुडघ्यातून त्याला वर उठण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

पावलांबद्दल त्याला काहीच सांगितले नाही. पुढची फुटप्लेट दोन तळपायांवर, 52 सेंटीमीटरवर, आणि मागची तीन तळपायांवर, 78 सेंटीमीटरवर नेली. कंबर खांद्यांपेक्षा चार बोटे वर येऊ दिली. गुडघ्याचा कोन 90 च्या थोडा वर गेला आणि त्याच दिवशी त्याचे उभे राहणे थांबले. पण लगेच नवा दोष दिसला. तो दुसऱ्या पावलाला अडखळू लागला आणि एकदा त्याचा हात जमिनीला लागला. हात उचलण्याची चाचणी घेतली, तेव्हा तो सरळ तोंडावर येत होता. ब्लॉक मागे गेल्याने त्याला ओणवे वाटत होते आणि ते भरून काढण्यासाठी तो खांदे रेषेच्या बरेच पुढे नेत होता. खांदे हातांपासून तीनच बोटे पुढे ठेवायला सांगितले आणि तो जो भार हातांवर टाकत होता, तो टाचांनी फुटप्लेटवर दाबायला लावला. हे अंगवळणी पडायला साधारण तीन आठवडे गेले. या काळात प्रत्येक सत्राचे पहिले पाच मिनिटे तो केवळ सेटमध्ये जाऊन स्थिर राहत असे आणि पुन्हा गुडघा टेकवत असे, सुटत नसे. चौथ्या आठवड्यात त्याचे पहिले पाऊल रेषेपुढे सुमारे 50 सेंटीमीटरवर, नडगी पुढे कललेली ठेवून पडू लागले. तोपर्यंत पावलांविषयी त्याला एकही सूचना द्यावी लागली नव्हती.

किती आणि केव्हा

ब्लॉकमधून पूर्ण जोराने सुटण्याचा सराव आठवड्यात दोनदा, अंग चांगले गरम झाल्यावर आणि सत्राच्या सुरुवातीला घ्यावा. एका सत्रात सहा ते आठ सुरुवाती पुरेत. प्रत्येक सुरुवात 10 ते 20 मीटरची असावी आणि दोन सुरुवातींत दोन ते तीन मिनिटांची विश्रांती असावी. सलग दोन वेळा पहिले पाऊल शरीराच्या पुढे पडलेले दिसले, तर ठरलेली संख्या पूर्ण झालेली नसली तरी थांबावे. थकलेल्या पायांनी केलेली सुरुवात चुकीची हालचालच पक्की करते. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती सेटमध्ये जाण्यापूर्वी द्यावी. सेटमध्ये असलेल्या धावपटूशी बोलू नये.

वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी मापे पुन्हा घ्यावीत. तळपाय वाढतो, मांडी लांब होते, ताकद येते आणि जुन्या खुणेवर बसवलेल्या ब्लॉकमध्ये गुडघ्याचा कोन नकळत बदललेला असतो. वर सांगितलेल्या मुलाचा बूट सहा महिन्यांत एका आकड्याने मोठा झाला. त्याने आपल्या सवयीप्रमाणे दोन तळपाय मोजून ब्लॉक बसवला, तेव्हा ब्लॉक आपोआप जवळपास दोन सेंटीमीटर मागे गेला होता. पुठ्ठा लावून पाहिले, तर कोन 100 च्या पुढे उघडला होता. तोवर त्याच्या पायात बळ आले होते, म्हणून आम्ही पुढची फुटप्लेट एक खाच रेषेकडे सरकवली.